परवलीच्या शब्दाची रुजवात

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील पतसंस्था, दूध संघ आणि कारखाने यांची दप्तरे कागदावरून संगणकावर, आणि पुढे जुन्या संगणकावरून नव्या संगणकावर नेण्याच्या उद्योगात माझी उमेदीची वर्षे गेली. या वर्षांनी जे काही शिकविले त्यातील सर्वांत चिवट धडा ज्या प्रसंगांनी दिला, ते प्रसंग बाहेरून पाहणाऱ्यास अगदीच क्षुल्लक वाटावेत असे आहेत. रात्री पासवर्ड साठविण्याची पद्धत बदलावी, सकाळी कचेऱ्या उघडाव्यात, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे तोच शब्द त्याच बोटांनी टंकला होता त्यांपैकी काहींना यंत्राने ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे सांगून उंबऱ्यावरूनच परत पाठवावे, एवढीच ती हकीगत. काहींना, सर्वांना नव्हे. आणि या ‘काहींना’ या शब्दातच त्या विषयाचे सारे मर्म आहे.

पासवर्ड संगणकात जसाच्या तसा लिहून ठेवावयाचा नसतो, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. एका गणिती प्रक्रियेने त्याचे चूर्ण करावयाचे आणि ते चूर्ण तेवढे दप्तरी ठेवावयाचे. पुन्हा कोणी तोच शब्द घेऊन आला की त्याचेही तसेच चूर्ण करून दोहोंची रुजवात घालावयाची, हा त्यातील शिरस्ता. सांगलीच्या पेठेत दळलेल्या हळदीतून मूळ हळकुंड जसे परत मिळत नाही, तसा या हॅशमधून मूळ शब्द परत मिळू नये, अशी त्यामागील योजना असते. मात्र या प्रक्रियेस अक्षर म्हणून काही दिसत नाही. तिच्यापुढे येतात ते केवळ बाइट, म्हणजे शून्य ते २५५ पर्यंतचे आकडे. त्यांपैकी एखादा जरी बदलला तरी निष्पन्न होणारा हॅश मुळापासून निराळा होतो, आणि ‘थोडासा चुकला’ असा निकाल ती कधीही देत नाही. दोन हॅश एकमेकांशेजारी ठेवून त्यांतील अंतर किती याचा अंदाज बांधण्याची सोयच नसल्यामुळे, चूक कोठे झाली याचा शोध हॅशकडे पाहून लागत नाही. तो हॅशपर्यंत येणाऱ्या वाटेवर घ्यावा लागतो.

जुन्या काळच्या बहुतेक आज्ञावलींत हे काम एमडी५ नावाच्या पद्धतीवर सोपविलेले असे. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत अतिशय वेगवान आहे, आणि पासवर्डाच्या बाबतीत वेग हाच दोष ठरतो. कारण चोरून नेलेल्या दप्तरावर सेकंदाला अब्जावधी शब्द ताडून पाहणे चोरासही तितकेच सोपे होते. म्हणून १९९९ साली पुढे आलेली बीक्रिप्ट ही मुद्दाम मंद केलेली पद्धत पुढे रूढ झाली. तिच्यात मंदपणाचा एक आकडा आपण ठरवितो. तो १२ ठेवला तर आतील आवर्तन दोनाच्या बाराव्या घाताइतके, म्हणजे ४,०९६ वेळा होते, आणि साधारण सर्व्हरवर एका रुजवातीस सेकंदाचा लहानसा पण जाणवणारा अंश लागतो. माणसाला तो खपतो, चोराला खपत नाही.

या बदलात खरी अडचण अशी की मूळ पासवर्ड कोणाजवळच नसतात, तेव्हा नवे हॅश करावयाचे कशाचे? त्यास दोन मार्ग आहेत. प्रत्येक माणूस पुढच्या वेळी आत येताना त्याचा शब्द क्षणभर आपल्या हाती असतो, तेव्हा जुन्या पद्धतीने रुजवात घालून लगेच नवा हॅश करून ठेवावयाचा, हा पहिला. आणि कोणाचीही वाट न पाहता जुन्या एमडी५ हॅशलाच पासवर्ड समजून त्याचा बीक्रिप्ट हॅश एका रात्रीत करून टाकावयाचा, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने कमकुवत हॅश त्याच रात्री दप्तरातून नाहीसे होतात, म्हणून सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेने तो पत्करला होता. तिच्या शाखा कृष्णाकाठच्या गावांपासून दुष्काळी पट्ट्यापर्यंत पसरलेल्या होत्या. हे काम दुसऱ्याच मंडळींकडे होते. मला बोलावणे आले ते दुसऱ्या दिवशी, तक्रारींची वही भरू लागल्यावर.

अशा प्रसंगी पहिला संशय नव्या हॅशवरच जातो, आणि तो अगदी निराधार असतो असेही नाही. बीक्रिप्टचा हॅश ६० वर्णांचा असतो, एमडी५चा ३२ वर्णांचा. तेव्हा दप्तरातील रकाना ३२ वर्णांचाच राहिला आणि माहितीकोशाने मुकाट्याने शेपूट छाटून टाकली, तर कोणाचीच रुजवात जमणार नाही. पण अशा वेळी सर्वच माणसे अडतात. येथे मुख्य कचेरीतील एकही माणूस अडला नव्हता; अडले होते ते शाखांमधील कारकून, आणि तेही सगळे नव्हेत. हॅशची कृती सर्वांना एकच लागू होते, त्यामुळे ती बिघडली तर पक्षपात करीत नाही. ज्या बिघाडात पक्षपात दिसतो, त्याचे कारण माणसांमाणसांत जेथे भेद आहे तेथेच, म्हणजे त्यांच्या कळफलकाशी आणि त्यांच्या अक्षरांशी शोधले पाहिजे. हा नियम मी पुढे अनेक ठिकाणी लावून पाहिला आणि त्याने मला सहसा दगा दिलेला नाही.

कृष्णाकाठच्या एका शाखेतील एक वयोवृद्ध कारकून, ज्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, ते मला म्हणाले, “साहेब, बोटं तीच हायती, शब्द बी त्योच हाय, आता मशीनच बदाललं आसंल तर त्येला आमी काय करनार?” त्यांच्या या उद्गारात एका संपूर्ण तपासाचा निष्कर्ष दडलेला होता, हे मला थोड्या वेळाने उमगले. त्या शाखेत दिवसभर कर्जरोखे आणि नोटिसा मराठीतून टंकल्या जात. संगणकाचा कळफलक सकाळपासून इनस्क्रिप्टवर ठेवलेला असे आणि तो इंग्रजीवर आणण्याचे प्रयोजन क्वचितच पडे. साहजिकच या मंडळींचे पासवर्डही देवनागरीत होते. पासवर्डाच्या चौकटीत केवळ काळे ठिपके दिसतात, त्यामुळे आपण कोणत्या लिपीत टंकतो याकडे त्यांचे लक्ष नव्हते आणि जुन्या आज्ञावलीनेही त्यास कधी हरकत घेतली नव्हती. मुख्य कचेरीतील पासवर्ड मात्र रोमन लिपीतले.

तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. देवनागरी शब्द पूर्वी चालत होते आणि आता चालत नव्हते, एवढेच कळले. सुदैवाने जुना सर्व्हर कोणी मोडीत काढला नव्हता. त्यावर एक चाचणीचे खाते काढून त्याला ‘कृष्णा’ असा पासवर्ड दिला आणि ब्राउझरमध्ये जी विनंती सर्व्हरकडे जाते ती उघडून पाहिली. मग तोच प्रयोग नव्या सर्व्हरवर केला. पहिल्या ‘क’ या एका अक्षरासाठी जुन्या आणि नव्या पानावरून जे गेले ते अनुक्रमे असे:

```
password=%26%232325%3B
password=%E0%A4%95
```

दुसरी ओळ सरळ आहे. ‘क’ या अक्षराचे यूटीएफ-८ पद्धतीतील ते तीन बाइट आहेत. पहिल्या ओळीतील टक्क्यांची चिन्हे उलगडली की `क` असे सात वर्णांचे रूप हाती येते. जुने पान आयएसओ-८८५९-१ या पाश्चात्त्य वर्णसंचात असल्याचे आपल्या मथळ्यात जाहीर करीत होते. त्या संचात देवनागरीला जागाच नाही. आणि ज्या अक्षराला जागा नाही ते फॉर्ममधून पाठवावयाचे झाले तर ब्राउझर त्याच्याऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक अशा वेष्टनात घालून पाठवितो. तात्पर्य, ‘कृष्णा’ या सहा चिन्हांच्या शब्दाचे जुन्या सर्व्हरवर ४२ रोमन वर्ण झाले होते आणि एमडी५ हॅश निघाला होता तो त्या ४२ वर्णांचा. नवे पान यूटीएफ-८मध्ये होते. तेथून त्याच शब्दाचे १८ बाइट आले आणि हॅश निघाला तो या १८ बाइटांचा. अक्षर तेच, बोटे तीच, शब्द तोच. पण रुजवातीसाठी समोरासमोर आलेले दोन ऐवज सर्वस्वी भिन्न.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बीक्रिप्टचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. हॅशची पद्धत बदलली त्याच रात्री ‘सगळेच एकदा आधुनिक करून टाकू’ या उत्साहात पानांचा वर्णसंचही बदलला गेला, आणि दोन बदल एकाच रात्री झाल्यामुळे अधिक भीतिदायक नावाच्या बदलावर दोष गेला. केवळ वर्णसंच बदलला असता तर देवनागरीवाले त्याही सकाळी अडलेच असते. केवळ हॅश बदलला असता तर कोणीही अडले नसते. मंडळींना मात्र जुना हॅश परत आणावा असेच वाटत होते, आणि तसे केले असते तर तक्रारी तशाच राहून शिवाय पूर्वीची असुरक्षितता पदरी पडली असती.

इलाज फार मोठा नव्हता. आलेला शब्द प्रथम आहे तसा तपासावयाचा; जमला नाही आणि त्यात देवनागरी असेल तर त्याला जुन्या पानावरून ब्राउझरने दिले असते तसे रूप देऊन पुन्हा तपासावयाचे:

```php
$map = [0x900, 0x97F, 0, 0xFFFF, 0x200C, 0x200D, 0, 0xFFFF];
$old = mb_encode_numericentity($p, $map, 'UTF-8');
$ok  = password_verify(md5($p), $h)
    || password_verify(md5($old), $h);
```

रुजवात जमली की त्याच क्षणी त्या शब्दाचा शुद्ध यूटीएफ-८ रूपावरून नवा हॅश करून ठेवावयाचा, आणि हा हॅश कोणत्या पद्धतीचा आहे याची नोंद शेजारच्या रकान्यात करावयाची, म्हणजे पुढच्या खेपेस दुसऱ्या प्रयत्नाची गरज उरत नाही. या दुहेरी तपासणीचे दोन भार ध्यानात ठेवावे लागतात. प्रत्येक जादा प्रयत्न म्हणजे बीक्रिप्टचा आणखी एक मंद फेरा, तेव्हा संभाव्य रूपांची यादी दोन-तीनांपलीकडे वाढू देऊ नये. आणि माणसाने एकदाच चुकीचा शब्द दिला असता आतील दोन प्रयत्न दोन चुका म्हणून मोजले जाऊ नयेत, नाहीतर खाते निम्म्याच संधीत कुलूपबंद होते.

कुलपाचा विषय निघाला म्हणून सांगतो, की त्या दिवशी इलाज लागू झाल्यावरही बरीच माणसे बाहेरच राहिली. सकाळपासून पुन्हा पुन्हा तोच शब्द टंकून त्यांची खाती केव्हाच बंद पडली होती, आणि बंद खात्यालाही आज्ञावली ‘पासवर्ड चुकीचा’ हाच ठराविक निरोप देत होती. निरोप एक आणि कारणे दोन असली की तपास करणारा हमखास आडवाटेला लागतो. ती कुलपे काढल्यावरही मूठभर माणसे उरली, आणि त्यांचे कारण तर मौजेचे निघाले. पासवर्ड किमान आठ वर्णांचा असावा असा नियम जुन्या आज्ञावलीतही होता; पण तेथे वर्ण मोजले जात ते वेष्टनातल्या रूपाचे. कोणी ‘आई’ एवढाच पासवर्ड ठेवला असेल तर त्याचे `आई` असे चौदा वर्ण होत आणि नियम निमूटपणे पाळला जाई. नवी आज्ञावली अक्षरे नीट मोजत असल्यामुळे तिने ‘आई’ला रुजवातीपर्यंत पोहोचूच दिले नाही. लांबीचा नियम पासवर्ड ठरविताना लावावयाचा असतो, आत येताना नव्हे. आत येणाऱ्याची आधी ओळख पटवून घ्यावी आणि मग त्याला नवा, लांब शब्द निवडण्याची विनंती करावी, हे औचित्य त्या दिवसापासून मी प्रत्येक कामात पाळीत आलो.

याहून सूक्ष्म असा दुसरा प्रसंग सातारा जिल्ह्यातील एका संस्थेत घडला. तेथे सारी पाने पहिल्यापासूनच यूटीएफ-८मध्ये होती आणि हॅश बदलण्याचा मार्गही पहिला, म्हणजे माणूस आत येईल तसतसा बदलण्याचा होता. देवनागरी पासवर्ड असलेली बहुतेक माणसे विनासायास आत येत होती आणि तरीही काही थोडी अडत होती, त्यामुळे माझा पूर्वीचा अनुभव येथे अपुरा पडला. अडलेल्यांत एक बाई होत्या. त्यांना पासवर्ड बदलून घ्या असे सांगण्यात आले तेव्हा त्या उसळून म्हणाल्या, “अहो, मी माझ्या माहेरचं नाव विसरेन का? कऱ्हाड! लिहून घ्या हवं तर!” परवलीचा शब्द असा चारचौघांत उच्चारला गेल्यावर तो बदलणे ओघानेच आले, पण त्यांच्या त्या रागाने आम्हाला हवे असलेले अक्षर मिळवून दिले. ते अक्षर म्हणजे ‘ऱ’.

कऱ्हाड हा शब्द पडद्यावर एकसारखाच दिसत असता आत निदान तीन प्रकारांनी लिहिलेला असू शकतो:

```
U+0915 U+0931 U+094D U+0939 U+093E U+0921
U+0915 U+0930 U+093C U+094D U+0939 U+093E U+0921
U+0915 U+0930 U+094D U+200D U+0939 U+093E U+0921
```

पहिल्यात ‘ऱ’ हे एकच स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी त्याची फोड केलेली आहे. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह आहे. पहिला लेख १८ बाइटांचा, उरलेले दोन प्रत्येकी २१ बाइटांचे. युनिकोडच्या नियमांनुसार पहिला आणि दुसरा हे परस्परांचे तुल्य आहेत. एनएफसी नावाचे प्रमाणीकरण केले तर दुसऱ्याचा पहिला होतो आणि एनएफडी किंवा एनएफकेडी केले तर पहिल्याचा दुसरा होतो. त्या संस्थेच्या नव्या आज्ञावलीत पासवर्ड हाती येताच त्याला एनएफकेडीतून काढण्याची व्यवस्था सद्भावनेने केलेली होती. नव्या हॅशपुरते ते ठीकच होते. परंतु ती प्रक्रिया जुन्या हॅशशी रुजवात घालण्याच्या आधीच होत असल्यामुळे, जुना हॅश पहिल्या लेखाचा आणि तपासणीस आलेला शब्द दुसऱ्या लेखाचा, अशी गाठ पडे. ‘कोयना’ किंवा ‘सातारा’ या शब्दांत फोड होण्याजोगे चिन्हच नसल्यामुळे ते सुखरूप पार होत. ‘कऱ्हाड’ तेवढे अडे. जुन्या हॅशला जुन्या रीतीने, म्हणजे काहीही संस्कार न करता सामोरे जावे, आणि रुजवात जमल्यानंतरच नव्या हॅशसाठी प्रमाणीकरण करावे, एवढा क्रम बदलताच अडलेल्यांची अडचण दूर झाली.

तिसऱ्या लेखाचा प्रश्न मात्र उरतोच. ते अदृश्य जोडचिन्ह एनएफसीने जात नाही आणि एनएफकेडीनेही जात नाही. युनिकोडच्या दृष्टीने तो लेख पहिल्याशी तुल्य मानलाच जात नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली तर पहिला लेख मिळतो, रोमनातून मराठी करणारी काही साधने तिसरा लेख देतात. कचेरीत एका कळफलकावर ठरविलेला शब्द घरी दुसऱ्या साधनातून टंकला की माणूस अडतो, आणि त्याच्या डोळ्यांना दोहोंत काडीचाही फरक दिसत नाही. आरएफसी ८२६५ या २०१७ सालच्या लेखाने पासवर्डासाठी एनएफसी सांगितले आहे, आणि तेच मी पत्करले. पण मराठी माणसांसाठी केलेल्या आज्ञावलीत ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालण्याचा एक नियम आपण पदरचा जोडावा, असे माझे मत झाले आहे. तो एकदा जोडला की कायमचा पाळावा लागतो, कारण पुढे कोणी ‘अनावश्यक’ म्हणून तो काढून टाकला तर हाच प्रसंग उलट दिशेने पुन्हा घडेल.

या दोन प्रसंगांच्या मानाने तिसरी गोष्ट थोडक्यात सांगता येईल. बीक्रिप्ट शब्दाचे पहिले ७२ बाइटच विचारात घेते. रोमन लिपीत एवढा लांब पासवर्ड विरळाच. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्यामुळे ही मर्यादा २४ चिन्हांवर येऊन ठेपते, आणि आमच्याकडील भाविक मंडळी तर आख्खी ओळ पासवर्ड म्हणून ठेवतात. ‘कृष्णा कोयनेचा प्रीतिसंगम कऱ्हाड’ ही ओळ घ्या: पहिल्या तीन शब्दांत २३ देवनागरी चिन्हे, म्हणजे ६९ बाइट, मधल्या दोन रिकाम्या जागा धरून ७१, आणि त्यापुढची रिकामी जागा बहात्तरावी. येथेच मर्यादा संपते, तेव्हा ‘कऱ्हाड’च्या जागी ‘वाई’ किंवा ‘मिरज’ लिहिले तरी जुनी ग्रंथालये ते बिनतक्रार स्वीकारीत. अलीकडची काही ग्रंथालये असा लांब शब्द छाटण्याऐवजी तो नाकारून चूक कळवितात. आणि ग्रंथालयाची आवृत्ती बदलली की कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज अडतो. यावर उपाय असा, की आधी शब्दाचा एसएचए-२५६ हॅश काढून तो बेस६४ रूपात, म्हणजे ४४ वर्णांत आणावा आणि मग त्याला बीक्रिप्टच्या हवाली करावे. कच्चे बाइट तसेच देऊ नयेत, कारण त्यांत शून्याचा बाइट आला तर काही ग्रंथालये शब्द तेथेच संपला असे समजतात. वर्डप्रेसने २०२५ साली ६.८ या आवृत्तीत बीक्रिप्ट स्वीकारले तेव्हा याच धर्तीची पूर्वप्रक्रिया, एसएचए-३८४ वापरून, योजिली होती.

हे सारे आमच्याच गैरसोयीच्या लिपीचे भोग आहेत, असे कोणी म्हणेल; परंतु जगभर वापरात असलेल्या एका बीक्रिप्ट ग्रंथालयात १२७ पेक्षा मोठ्या मूल्याचा बाइट आला की हॅश चुकीचा निघावा, असा दोष वर्षानुवर्षे दडून राहिला होता आणि तो २०११ साली उघडकीस आला. त्यानंतर जुन्या सदोष हॅशसाठी `$2x$` आणि शुद्ध केलेल्यांसाठी `$2y$` असे निराळे उपसर्ग योजावे लागले. रोमन अक्षरांचे बाइट १२७ च्या आतच असतात, त्यामुळे रोमन शब्दांनी केलेल्या चाचण्यांत तो दोष दिसणे शक्यच नव्हते. देवनागरीचा मात्र यूटीएफ-८मधील एकूण एक बाइट १२७ च्या पुढचा असतो. आमच्याकडेही प्रत्येक स्थलांतराची चाचणी `test123` अशा शब्दांनीच झालेली मी पाहिली आहे, आणि अशा चाचणीतून वरील तिन्ही प्रसंगांतील एकही दोष सापडला नसता.

अशा वेळी कार्यकारी मंडळींचा सर्वांत आवडता तोडगा म्हणजे ‘सर्वांचे पासवर्ड नव्याने द्या’ हा असतो. तो मी शक्यतो टाळीत आलो, त्याचे कारण मी त्याचे परिणाम डोळ्यांनी पाहिले आहेत. सभासदांचे नोंदलेले मोबाइल क्रमांक बदललेले असतात, ओटीपी कोणाच्या तरी मुलाच्या फोनवर पुण्याला जातो, आणि शेवटी शाखेतून सर्वांना एकच तात्पुरता पासवर्ड वाटला जाऊन तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटविला जातो. सुरक्षितता वाढविण्यासाठी हाती घेतलेल्या कामाची सांगता पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित अवस्थेत होते. तपासाच्या निमित्ताने कोणाचा पासवर्ड विचारणे किंवा आलेले शब्द नोंदवहीत उतरवून घेणे, हेही तितकेच निषिद्ध मानावे. माणसाला शेजारी बसवून, चाचणीच्या खात्यावर त्याच्याच कळफलकावरून एखादा निरुपद्रवी शब्द टंकावयास सांगितला, आणि तो कोणत्या बाइटांनी सर्व्हरवर पोहोचतो एवढे पाहिले, तर जे जाणून घ्यावयाचे ते सारे कळते.

दुहेरी तपासणीची सोय मात्र कायमची ठेवू नये. पद्धतीची नोंद करणाऱ्या रकान्यावरून जुन्या रूपातील हॅश किती उरले ते दरमहा मोजावे. आकडा घटत घटत स्थिरावला की उरलेली खाती बहुधा निवृत्तांची, मयतांची किंवा कधीच न वापरलेली असतात, आणि त्यांच्यासाठी नव्या पासवर्डाचा मार्ग ठेवून जुनी वाट बंद करणे उचित असते. त्या सांगलीच्या संस्थेत ही वाट बंद केली त्या दिवशी एकही तक्रार आली नाही.

ज्यांच्या हाती असे स्थलांतर येणार आहे त्यांना माझे सांगणे इतकेच आहे, की हॅश आणि वर्णसंच हे दोन बदल एका रात्री करू नका. जुना सर्व्हर महिनाभर तरी चालू अवस्थेत जवळ ठेवा. आणि बदलाच्या आधी जुन्या पद्धतीवर तीन चाचणीची खाती काढा, एक ‘कृष्णा’, दुसरे ‘कऱ्हाड’ आणि तिसरे चोवीस चिन्हांहून लांब ओळीचे. बदलानंतर ही तिन्ही खाती उघडली नाहीत, तर सकाळी कचेऱ्या उघडण्यापूर्वी काम मागे घ्या.